नवमीची लावण

पहाटे ५:१०

विहिरीवरची मोटार सुरू झाली. पुरंदर तालुका, सासवडच्या पुढची एक वाडी, अण्णांचं वीस गुंठ्यांचं रान. तारीख २५ ऑगस्ट २०२३, वार शुक्रवार. या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची आहे, सकाळी आठला जाईल. त्याआधी वीसही बेड भिजले पाहिजेत. आज झेंडूची लावण आहे.

बेडवर काळा-चंदेरी मल्चिंग पेपर अंथरलेला. पेपरखाली ठिबकची नळी, तिला दर दीड फुटाला एक ड्रीपर. एका बेडवर १४६ ड्रीपर, प्रत्येकातून तासाला चार लिटर पाणी. सगळ्या रानाला मिळून तासाला साडेअकरा हजार लिटरच्या वर जातं. अण्णा दोन तास मोटार चालवणार. ते विहिरीत बॅटरी मारून बघतात. ऑगस्ट अख्खा कोरडा चाललाय. गेल्या वर्षी याच दिवसांत होतं त्यापेक्षा पाणी दोन परस खाली आहे.

"लावणीचं पाणी हात राखून देता येत नाही," ते म्हणतात. "पुढं बघू."

सकाळी ६:२०

ओट्यावर चहा. अण्णांची वही उघडी आहे. दरवर्षीचं एक पान. लावणीची तारीख, पहिल्या तोड्याची तारीख, दसऱ्याचा भाव, खर्च.

२०२१ सालचा दसरा १५ ऑक्टोबरला होता. २०२२ सालचा ५ ऑक्टोबरला. यंदा २४ ऑक्टोबरला. गेल्या वर्षी दहा दिवस मागे आला, यंदा एकदम एकोणीस दिवस पुढे गेला. झेंडूवाल्याचं सगळं वर्ष या पुढेमागे होण्यावर उभं असतं. गव्हाला, ज्वारीला असं नसतं. त्यांची काढणी आठ दिवस इकडेतिकडे झाली तर चालते. झेंडूला एक दिवस ठरलेला. त्याच्या दोन दिवस आधी माल मार्केट यार्डात पोचला पाहिजे. दसऱ्याच्या दुपारनंतर तोच माल कोणी हातात धरत नाही.

वहीतला हिशेब असा. रोप रानात लागलं की पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास कळी दिसते. पन्नाशीला पहिला तोडा निघतो, पण तो थोडका. पुढे दर तीन-चार दिवसांनी तोडा. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याला झाड खरं भरतं. तो तिसरा तोडा खंडेनवमीच्या आदल्या दिवसांत यावा, अशी बेतणी असते. म्हणून लावण आणि दसरा यांच्यात साठ दिवस.

आज ते साठ दिवस आहेत. ऑगस्टचे सहा, सप्टेंबरचे तीस, ऑक्टोबरचे चोवीस.

पण अण्णा असे दिवस मोजत नाहीत. वहीत गेल्या वर्षीच्या पानावर ६ ऑगस्ट लिहिलंय आणि शेजारी पेन्सिलीने 'श्रा. शु. ९'. यंदाच्या पानावर २५ ऑगस्ट, आणि शेजारी पुन्हा 'श्रा. शु. ९'. श्रावण शुद्ध नवमीला लावण, आश्विन शुद्ध दशमीला दसरा. मध्ये दोन चांद्र महिने आणि एक दिवस. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे दोन महिन्यांचे एकोणसाठ आणि वरचा एक. झाले साठ. तिथीचा क्षय-वृद्धी धरून एखादा दिवस कमीजास्त होतो, तेवढंच.

हा नियम त्यांच्या वडिलांचा, आबांचा. आबा ऐंशीच्या पुढचे आहेत. ओट्याच्या टोकाला बसून सगळं ऐकताहेत.

सकाळी ७:०५

रोपवाटिकेची पिकअप आली. एकोणतीस ट्रे. एका ट्रेला १०४ खाचे, प्रत्येकात कोकोपीट आणि एक रोप. तीन रुपयांना एक रोप. एकोणतीस ट्रेचे ९,०४८ रुपये. जुलैत बुकिंग करताना तीन हजार दिले होते, आज ६,०४८ द्यायचे. गाडीभाडं सातशे, वेगळं.

अण्णा लगेच ट्रे उतरवून घेत नाहीत. आधी एक रोप खालून दाबून बाहेर काढतात. मुळं पांढरी हवीत आणि कोकोपीटचा अख्खा गड्डा धरून यायला हवीत. गड्डा फुटला तर रोप कोवळं. मुळं तपकिरी होऊन तळाशी गोल फिरली असतील तर जुनं. मग ते शेंड्याकडे बघतात, अगदी डोळ्याजवळ नेऊन. शेंड्यात पानांच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढी हिरवी गाठ दिसते का?

एका ट्रेत ती दिसली. पूर्ण ट्रेत.

"ही बावीस-तेवीस दिवसांची नाहीत. महिना उलटलाय यांना," अण्णा ड्रायव्हरला सांगतात. ट्रेच्या खाच्यातल्या चिमूटभर मातीत रोप जास्त दिवस राहिलं की ते घाबरतं आणि तिथेच कळी धरतं. असं रोप रानात लावलं तरी वाढत नाही. वीतभर उंचीचं राहतं, चार लहान फुलं देतं आणि तीही दसऱ्याच्या खूप आधी. ड्रायव्हर फोन लावतो. दोन मिनिटं बोलणं होतं. ट्रेचे पैसे पुढच्या बिलात वळते करू, असं ठरतं. ट्रे बाजूला ठेवला जातो.

रोपवाटिकेचीही ओढाताण असते, हे सांगायला हवं. दसऱ्याच्या झेंडूचं रोप सगळ्या तालुक्याला एकाच आठवड्यात हवं असतं. यंदा तर निम्म्यांनी आधी मागणी केली, मग पुढे ढकलली. जुन्या मागणीचा एखादा ट्रे असा नव्यात येतो.

सकाळी ७:३०

सहा बायका आल्या. साडेतीनशे रुपये रोज. खरं तर अण्णांना लावण दुपारी चारनंतर हवी होती. कोरड्या उन्हात सकाळी लावलेलं रोप दिवसभर मान टाकून पडतं. संध्याकाळी लावलं तर त्याला रात्र मिळते. पण आज श्रावणातला शुक्रवार. घरोघरी जिवतीची पूजा. चौघींना उपास आहे, संध्याकाळी सवाष्णीला हळदीकुंकू आणि चणे-फुटाणे द्यायचेत.

"अण्णा, आम्ही एकपर्यंत उरकतो. चार वाजता कोणी यायचं नाही," आक्का सांगतात. त्या या टोळीच्या म्होरक्या.

"उद्या लावू मग?" अण्णांचा मुलगा विचारतो.

"लाइट रात्रीची, बेड आज भिजलेत. आणि आज नवमी," अण्णा म्हणतात. "एकपर्यंत तर एकपर्यंत."

सकाळी ८:००

लाइट गेली. मोटार बंद. बेड हाताला मऊ लागताहेत.

पुढे एक गडी चालतो, पाचशे रुपये रोज. त्याच्या हातात कडेला धार केलेला लोखंडी पाइप. ठिबकच्या खुणेवर पेपरवर टेकवायचा, दाबून फिरवायचा, पेपरचा गोल तुकडा निघतो. त्यामागे दोन बायका ट्रे घेऊन रोपं काढून देतात, चौघी लावतात. तीन बोटांनी मातीत खड्डा, गड्डा आत, दोन्ही अंगठ्यांनी माती दाबायची. दाबलं नाही तर मुळाशी हवा राहते आणि रोप दोन दिवसांत वाळतं. फार दाबलं तर गड्डा फुटतो.

आक्का लावताना प्रत्येक रोप भोकाच्या बरोबर मध्ये उभं करतात. मागून येणारी नवी मुलगी घाईत आहे. तिची दोन-तीन रोपं भोकाच्या कडेला झुकलीत.

"बाळे, पेपराला टेकवू नको. दुपारी पेपर तव्यावाणी तापतो. दांडी करपली की रोप गेलं."

मुलगी मागे जाऊन सरळ करते. १४६ रोपांचा एक बेड. चौघी मिळून पंधरा मिनिटांत संपवतात.

सकाळी ९:४०

बांधापलीकडे शेजाऱ्याचा झेंडू आहे. तो आता गुडघ्याच्या खाली, चांगला हिरवागार. एकोणीस दिवसांचा. त्यांनीही वही ठेवली होती. वहीत ६ ऑगस्ट होतं, यंदाही ६ ऑगस्टला लावला. तिथी लिहिलेली नव्हती.

आता मोजून बघा. ६ ऑगस्टला लावलेला झेंडू २५ सप्टेंबरला पहिला तोडा देणार. गणपती २८ तारखेला, अनंत चतुर्दशीला जाणार. तिथपर्यंत जेमतेम एक तोडा. आणि झाड खऱ्या भरात येणार ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. ३० सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर यंदा पितृपक्ष आहे. वर्षातला फुलांच्या मंदीचा पंधरवडा. लग्न नाही, पूजा नाही, दुकानाचं उद्घाटन नाही. तोडणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडं निघालं तरी पुष्कळ.

शेजारी बांधावर येऊन बसतात. त्यांना हे आठ दिवसांपूर्वी समजलंय.

"काय करायचं आता?" ते विचारतात.

"शेंडे खुडा. या आठवड्यातच," अण्णा सांगतात. "मधला शेंडा दोन पानांसकट काढायचा. बाजूच्या फांद्या फुटतील. त्यात आठ-दहा दिवस जातात. मग पहिल्या कळ्या आल्या की त्याही खुडायच्या. त्यात अजून थोडे."

"एकोणीस भरून निघतील?"

"सगळे नाही. पंधरा निघाले तरी नवरात्रात याल. तेवढ्यानं पितृपक्ष तर चुकेल."

शेंडा खुडायला बायका लागतात. वीस गुंठ्यांना तीन. कळ्या खुडायला पुन्हा चार-पाच, कारण तोवर फांद्या वाढलेल्या असतात. सात-आठ रोज म्हणजे जवळपास अडीच ते पावणेतीन हजार रुपये. तारीख बघून लावल्याची ही किंमत, आणि ती वाचवायला पेन्सिलीची चार अक्षरं पुरली असती.

सकाळी ११:१५

पाणी प्यायला सगळे लिंबाखाली. चौदा बेड झाले. उन्हाचा चटका वाढलाय. परवा, बुधवारी, चंद्रावर यान उतरलं. नवी मुलगी मोबाइलवर त्याचं चित्र दाखवते. बायका बारकाईने बघतात.

आबा काठी टेकत आलेत. दसरा यंदा एवढा पुढे का गेला म्हणून त्यांना अधिक महिन्याचं विचारलं. ते मातीत काठीने रेघा ओढतात.

बारा अमावास्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं. सूर्याचं ३६५. दरवर्षी अकरा दिवस सण मागे येत जातात. असेच येत राहिले तर दसरा पावसाळ्यात जाईल, पुढे उन्हाळ्यात. म्हणून अडीच-पावणेतीन वर्षं झाली की एक महिना जास्तीचा धरतात. कुठला, ते मनावर नाही. अमावास्या ते अमावास्या या महिन्यात सूर्य दुसऱ्या राशीत गेलाच नाही, तर तो महिना अधिक.

"यंदा सूर्य कर्केत गेला जुलैच्या मध्यात. मग अमावास्या झाली. मग सोळा ऑगस्टला पुढची अमावास्या आली, आणि सूर्य सिंहेत गेला सतराला," आबा दोन रेघांमधली मोकळी जागा काठीने दाखवतात. "मधे काहीच नाही. तो अधिक श्रावण. खरा श्रावण सतरा ऑगस्टला लागला. त्याला निज म्हणतात. सण सगळे निजात. लावणही निजातच."

१८ जुलैला कॅलेंडरवर श्रावण शब्द दिसला आणि कितीतरी जणांनी नवमी त्यातच धरली. त्या नवमीला लावला असता तर फूल दसऱ्याच्या महिनाभर आधी आलं असतं. नियम बरोबर असून उपयोग नसतो, कुठला श्रावण ते कळावं लागतं.

दुपारी १२:५०

शेवटचा बेड. आठ भोकं रिकामी राहिली. अठ्ठावीस ट्रेची २,९१२ रोपं, भोकं २,९२०. अण्णा बाजूला ठेवलेल्या ट्रेतली आठ रोपं आणायला सांगतात. नखाने त्यांच्या शेंड्यातली कळी खुडतात आणि बांधाकडच्या टोकाला लावतात. त्यांच्याकडून फारशी आशा नाही. उरलेल्या ट्रेवर ओलं पोतं टाकतात. आठवड्याने नांग्या भरायला काही नसण्यापेक्षा ती बरी.

सहा जणींचे २,१०० रुपये. आक्का पैसे मोजून घेतात, प्रत्येकीला देतात. घरातल्या काकू प्रत्येकीच्या ओटीत मूठभर फुटाणे आणि केळं घालतात. एक वाजून पाच मिनिटांनी रान मोकळं.

दुपारी २:३०

रोपांनी माना टाकल्या. सगळ्याच. बघायला जीव घाबरा होतो. अण्णा मात्र पान उलटून बघतात, दांडी चिमटीत धरतात. दांडी ताठ आहे, पान मऊ आहे पण कडेने वाळलेलं नाही. हे उन्हाने मान टाकणं. संध्याकाळी उठतील. दांडी जमिनीलगत काळी पडून दबली असती तर ती मर, आणि ते रोप उपटून फेकावं लागलं असतं.

लाइट नाही, म्हणून पाणीही नाही. थांबायचं.

दुपारी ४:४५

ऊन कललं. दोनशे लिटरच्या पिंपात ट्रायकोडर्मा कालवलंय. अण्णा आणि मुलगा पाठीवरच्या पंपाचं नोझल काढून प्रत्येक रोपाच्या बुडाशी थोडं थोडं ओततात. मुळकुजीसाठी. दोघांना दोन तास लागतात. हे काम मजुरीत कोणी धरत नाही.

चालता चालता अण्णा आबांच्या नियमातली खोट सांगतात. दसरा चंद्रावर चालतो, पण झेंडू सूर्यावर. दिवस लहान होत जातो तशी झेंडू कळी लवकर धरतो. गेल्या वर्षी ६ ऑगस्टला लावलेल्या रोपाला सुरुवातीचे दिवस मोठे मिळाले, ते आधी अंगाने वाढलं, मग फुललं. यंदा २५ ऑगस्टला लावलेल्या रोपाला दिवस आधीच लहान. ते घाई करणार. झाड लहान राहून फूल आधी येणार.

"म्हणजे साठ दिवस खरे साठ नाहीत?"

"उशिराच्या दसऱ्याला छप्पन-सत्तावन पण होतात. म्हणून यंदा विसाव्या-बाविसाव्या दिवशी शेंडा खुडणार. झाड रुंद होईल आणि ते तीन-चार दिवसही भरतील. थोडे जास्तच गेले तर कळीवर झिरो बावन्न चौतीस मारून पुढं ओढता येतं. मागं ढकलायला दोन हत्यारं आहेत, पुढं ओढायला हे एकच. आणि ते फार काम करत नाही."

उशिराच्या दसऱ्याचा एक फायदाही आहे. ५ ऑक्टोबरचा दसरा परतीच्या पावसात सापडतो. फुलात पाणी शिरतं, बुडाशी काळं पडतं, पोत्यात दोन तासांत गरम होतं आणि व्यापारी पोतं फोडून हात घालतो तेव्हा भाव निम्म्यावर येतो. २४ ऑक्टोबरपर्यंत पाऊस बहुतेक सरलेला असतो. फूल झाडावर आठवडाभर चांगलं राहतं. तेवढी उसंत मिळते.

संध्याकाळी ६:५०

रोपं उठली. पूर्ण नाही, पण शेंडे वर आलेत. बांधाकडची आठ अजून पडलेलीच आहेत.

नवमीचा चंद्र दक्षिणेला वर आहे, अर्ध्याहून मोठा. अण्णा त्याच्याकडे बघतही नाहीत. ते फाटक्या पेपरवर माती टाकताहेत, वारा शिरू नये म्हणून.

रात्री ८:१०

जेवण झालं. वहीत आजचा खर्च. रोपं ९,०४८. गाडीभाडं ७००. बायका २,१००. गडी ५००. बेरीज १२,३४८. त्याच्या वर महिन्यापूर्वीची ओळ आहे, मल्चिंगची चार बंडलं ८,००० रुपये. शेणखत आणि ट्रॅक्टर त्याच्याही वर. नासक्या ट्रेचे ३१२ रुपये परत येणार, ते कंसात.

जमेच्या बाजूला चार तारखा लिहिल्यात. १५ ऑक्टोबर, घटस्थापना, पहिला तोडा. १८-१९, दुसरा. २१-२२, तिसरा, मार्केट यार्ड. १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. दसऱ्यानंतर एकोणीस दिवसांनी येणाऱ्या दिवाळीला तीच झाडं पुन्हा तोडता येतात, पाणी पुरलं तर. तारखांपुढे रकमा नाहीत. दसऱ्याचा भाव खंडेनवमीच्या पहाटे कळतो.

मुलगा फोनवर पुढच्या वर्षीचा दसरा शोधतो. १२ ऑक्टोबर २०२४, अधिक महिना नाही. अण्णा वहीचं पुढचं पान उघडून लिहून ठेवतात: लावण १३-१४ ऑगस्ट, रोपवाटिकेत बी २१ जुलैच्या सुमारास, बुकिंग जूनअखेर. शेजारी पेन्सिलीने तिथी लिहितात. ज्यांना दसऱ्याचा झेंडू लावायचा असेल त्यांनी तारखेशेजारी तिथी लिहावी, आणि अधिक महिना असेल त्या वर्षी 'निज' हा शब्दही.